खारघरहून पार्सल पाठवताना कुरिअर कसं निवडायचं: झोन, पिकअप आणि परत आलेला माल

घरातून किंवा छोट्या गाळ्यातून ऑनलाइन विक्री करणारी बहुतेक मंडळी कुरिअर निवडताना रेट कार्डावरचा सगळ्यात लहान आकडा बघतात. तो आकडा खोटा नसतो, पण तो अर्ध्या किलोच्या, शहरातल्या शहरात जाणाऱ्या आणि आगाऊ पैसे भरलेल्या पार्सलचा असतो. तुमचं पार्सल तसं नसेल तर त्या आकड्याचा तुमच्याशी संबंध नाही. तुलना करायची ती एकाच गोष्टीची: ग्राहकाच्या हातात पोहोचलेल्या एका पार्सलमागे तुमचा सगळा मिळून किती खर्च झाला. परत आलेल्या पार्सलांचं जाण्यायेण्याचं भाडंसुद्धा पोहोचलेल्या पार्सलांच्याच डोक्यावर बसतं, हे धरून.

समजायला सोपं जावं म्हणून एक उदाहरण घेऊ आणि तेच शेवटपर्यंत चालवू. खारघरमधून, म्हणजे 410210 या पिनकोडवरून, बाळांच्या गोधड्या विकणाऱ्या एक ताई आहेत असं समजा. महिन्याला साधारण 100 ऑर्डर, त्यातल्या 60 आगाऊ पैसे भरलेल्या आणि 40 सीओडी. एका गोधडीचं पॅकिंगसकट वजन 850 ग्रॅम. खाली येणारे दर हिशोब दाखवण्यापुरते धरलेले आहेत. तुमच्या हातातल्या रेट कार्डाचे आकडे त्या जागी घालायचे.

आधी पार्सल मोजा, मग दर मागा

गोधडी 850 ग्रॅमची असली तरी कुरिअर कंपनी 850 ग्रॅमचे पैसे घेत नाही. ती दोन वजनं बघते. एक काट्यावरचं, दुसरं आकारमानावरून काढलेलं, ज्याला सगळे व्हॉल्युमेट्रिक वजन म्हणतात. लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये घेऊन गुणायची आणि बहुधा 5000 ने भागायची. दोन्हींतलं जे जास्त, ते पुढच्या अर्ध्या किलोपर्यंत चढवून बिलात येतं. भागाकाराचा आकडा कंपनीगणिक आणि करारागणिक वेगळा असू शकतो, म्हणून तो लेखी विचारून घ्या. 5000 च्या जागी 4000 असेल तर तेच पार्सल 25 टक्के जड धरलं जातं.

ताई सुरुवातीला गोधडी 36 × 30 × 12 सेंटीमीटरच्या पुठ्ठ्याच्या खोक्यात पाठवत होत्या असं धरा. 36 × 30 × 12 म्हणजे 12,960, भागिले 5000 म्हणजे 2.59 किलो. बिल 3 किलोचं. 850 ग्रॅमच्या वस्तूसाठी! तीच गोधडी नीट घडी घालून, आतली हवा काढून, प्लास्टिकच्या कुरिअर बॅगेत भरली तर 34 × 26 × 8 होते. हिशोब असा मांडा. एक्सेल आणि गूगल शीट दोन्हींत चालतो:

```
=CEILING(MAX(0.85, 34*26*8/5000), 0.5)
```

उत्तर 1.5 येतं. म्हणजे खोकं सोडून बॅग वापरल्याबरोबर बिलातलं वजन निम्मं झालं. कुठल्याही कंपनीशी घासाघीस करून एवढी बचत होणार नाही, म्हणून हे काम आधी करायचं.

आता मोह होतो की आणखी दाबून 30 × 25 × 6.5 करावं, म्हणजे 0.975 किलो भरेल आणि 1 किलोच्या दरात बसेल. कापसाच्या किंवा कापडाच्या मालाला हे करू नका. बॅग बंद केली तेव्हा साडेसहा सेंटीमीटर असलेली उंची हबच्या, म्हणजे कंपनीच्या माल गोळा करून वाटणाऱ्या केंद्राच्या, पट्ट्यावर पोहोचेपर्यंत साडेसात होते, तिथलं यंत्र तेवढीच मोजतं आणि बिल पुन्हा दीड किलोचं येतं. त्यावर वाद घातलात तर तुम्हीच हरता, कारण फुगवटा खरा असतो. मोजमाप मर्यादेच्या जरा आतच बसवायचं.

झोन: खारघर मुंबईत आहे की नाही?

खाजगी कुरिअर कंपन्या आणि त्यांचे दर एकत्र दाखवणारे अॅग्रिगेटर देशाचे साधारण पाच भाग करतात. शहरातल्या शहरात, राज्यात किंवा जवळपासच्या भागात, मेट्रो ते मेट्रो, उरलेला भारत, आणि ईशान्येकडची राज्यं व जम्मू-काश्मीर यांसारखा दूरचा भाग. कोणी त्यांना ए ते ई म्हणतं, कोणी दुसरं काही. पोस्टाचं स्पीड पोस्ट मात्र झोनवर नाही, अंतरावर चालतं: स्थानिक, 200 किलोमीटरपर्यंत, 201 ते 500 आणि असंच पुढे. त्यामुळे पोस्टाचा दर त्याच रकान्यात ठेवून तुलना करता येत नाही. तुमच्या प्रत्येक झोनमधलं एक नेहमीचं गाव घेऊन त्याचा दर काढावा लागतो.

ठाणे-नवी मुंबईच्या विक्रेत्याला खरी गोम आहे ती ‘शहर’ आणि ‘मेट्रो’ या दोन झोनांत. वाशी 400703, ऐरोली 400708, नेरूळ 400706, ठाण्यातली बरीच वस्ती 4006 ने सुरू होणारी. हे सगळे 400 वाले. पण खारघर 410210, पनवेल 410206, डोंबिवली 421201, कल्याण 421301. लोकलने आपण सगळे एकाच मुंबईत राहतो. कंपनीच्या संगणकातल्या यादीत मात्र 400 सोडून बाकीचे पिनकोड ‘मुंबई’त धरलेले असतीलच असं नाही. धरले नसतील तर दोन ठिकाणी फटका बसतो. खारघरहून दादरला गेलेलं पार्सल शहरातलं न ठरता राज्यातलं ठरतं, आणि खारघरहून बंगळूरला गेलेलं मेट्रो ते मेट्रो न ठरता उरलेल्या भारतात मोडतं.

हे रेट कार्डावर छापलेलं नसतं. शोधायचं कसं? कंपनीच्या किंवा अॅग्रिगेटरच्या दर काढायच्या पानावर तुमचा खरा पिकअप पिनकोड टाका. मग एकेक करून दादर 400028, वाशी 400703, पुणे 411004, बंगळूर 560001, इंदूर 452001 इथले दर काढा. वजन आणि मापं दर वेळी तीच. दादर आणि पुण्याचा दर एकच आला तर तुम्हाला शहराचा दर मिळत नाहीये. बंगळूर आणि इंदूर सारखेच आले तर तुम्ही मेट्रोत नाही. दहा मिनिटांचं काम आहे. सेल्सवाला फोनवर ‘हो मॅडम, नवी मुंबई मेट्रोमध्येच येते’ म्हणाला तर त्याच्यावर विसंबू नका, हे पान बघा.

आता ताईंच्या मागच्या ऑर्डरी झोनप्रमाणे मोजू. शीटमध्ये पिनकोडचे पहिले तीन आकडे वेगळे काढले की वर्गवारी पटकन होते:

```
=LEFT(A2,3)
```

समजा 100 पैकी 22 मुंबई-ठाणे-नवी मुंबईत, 41 उरलेल्या महाराष्ट्रात, 24 बंगळूर-हैदराबाद-दिल्लीसारख्या मेट्रोत आणि 13 इंदूर, बडोदा, रायपूर अशा ठिकाणी जातात. ईशान्येकडे एकही नाही, म्हणून तो रकाना तुलनेतून काढूनच टाकायचा. तिथला दर कितीही चढा असला तरी ताईंना काय फरक पडतो? दोन कंपन्यांचे दीड किलोचे दर, जीएसटी सोडून, असे धरू:

| झोन | पार्सलं | अ कंपनी | ब कंपनी |
|---|---|---|---|
| शहर | 22 | ₹62 | ₹70 |
| राज्य | 41 | ₹78 | ₹84 |
| मेट्रो | 24 | ₹98 | ₹104 |
| उरलेला भारत | 13 | ₹112 | ₹120 |

कार्डाप्रमाणे अ कंपनीचं महिन्याचं भाडं 8,370 रुपये, ब कंपनीचं 9,040. प्रत्येक रकान्यात अ स्वस्त आहे. पण पिनकोड टाकून पाहिल्यावर असं दिसलं, की अ कंपनी 410210 ला मुंबईत धरत नाही आणि ब धरते. मग अ कडे शहरातली 22 पार्सलं 62 ऐवजी 78 ने जाणार, म्हणजे 352 रुपये जास्त. मेट्रोतली 24 पार्सलं 98 ऐवजी 112 ने, म्हणजे आणखी 336. अ चं खरं भाडं 9,058 झालं. प्रत्येक रकान्यात स्वस्त दिसणारी कंपनी बेरजेत 18 रुपयांनी महाग निघाली.

ताई खारघरऐवजी वाशीत असत्या तर उत्तर उलटं आलं असतं. म्हणून दुसऱ्या विक्रेत्याने दिलेला ‘अमुक कंपनी घ्या, स्वस्त आहे’ हा सल्ला त्याचा पिकअप पिनकोड विचारल्याशिवाय घेऊ नये. काही जण 400 च्या पिनकोडवरच्या नातेवाइकाचा पत्ता पिकअपसाठी देतात. रोज तिथे माल नेण्याचा खर्च आणि वेळ धरला तर ते क्वचितच परवडतं, आणि परत आलेला मालही त्याच पत्त्यावर जाऊन पडतो.

दराच्या खाली बारीक अक्षरात काय असतं

इथे फार वेळ घालवायची गरज नाही, पण चार गोष्टी विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. इंधन अधिभार दरात धरलेला आहे की वेगळा. सीओडीची फी ठरावीक आहे की रकमेच्या टक्क्यात (बहुतेक ठिकाणी दोन्हींतली जास्त असते ती). पार्सल परत आल्यास सीओडीची फी परत मिळते की नाही. आणि सीओडीचे पैसे डिलिव्हरीनंतर किती दिवसांनी खात्यात येतात. कुरिअर सेवेवर 18 टक्के जीएसटी लागतो. तुमची नोंदणी असेल तर त्याची वजावट बहुधा घेता येते. नसेल तर तो सरळ खर्च आहे आणि तुलनेत धरायलाच हवा.

तुलना करणारी जुनी पानं वाचताना तारीखही बघा. 2025 मध्ये इकॉम एक्स्प्रेस ही कंपनी डेल्हिव्हरीने विकत घेतली. दोघींना प्रतिस्पर्धी म्हणून मांडणारी तुलना आता उपयोगाची नाही. पोस्टाची रजिस्टर सेवाही त्याच वर्षी स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली.

पिकअप: माणूस आला म्हणजे पिकअप झालं असं नाही

पिकअपबद्दल तक्रार करताना लोक ‘येत नाहीत’ एवढंच म्हणतात. त्यात दोन वेगळे दोष मिसळलेले असतात आणि त्यांची औषधं वेगळी आहेत.

पहिला दोष सरळ आहे: ठरल्या दिवशी कोणी येतच नाही, आणि संध्याकाळी स्क्रीनवर ‘विक्रेता उपलब्ध नाही’ असा शेरा दिसतो. तो शेरा पडला त्या क्षणी स्क्रीनशॉट घ्या आणि सोसायटीच्या गेटवरची त्या दिवशीची नोंद बघा. खारघर, घणसोली, घोडबंदर रोडच्या मोठ्या संकुलांत आता गेटवर अॅपमध्ये नोंद होते. माणूस आलाच नव्हता हे दाखवायला त्याहून चांगला पुरावा नाही. बऱ्याचदा मात्र तो खरंच गेटपर्यंत येऊन गेलेला असतो. वॉचमनने फोन केला, तुम्ही उचलला नाही, आणि पुढच्या वीस पत्त्यांच्या घाईत तो निघून गेला. कंपनी बदलून हे सुटत नाही. पिकअपच्या वेळेत दुसरा नंबर देऊन किंवा पार्सलं गेटवरच्या केबिनमध्ये ठेवायची सोय करून सुटतं.

दुसरा दोष जास्त महाग पडतो आणि लवकर दिसत नाही. माणूस येतो, पार्सलं गोणीत भरून घेऊन जातो, पण दारात स्कॅन करत नाही. स्कॅन होतं रात्री हबमध्ये, कधी दुसऱ्या दिवशी. कंपनीचं वेळापत्रक पहिल्या स्कॅनपासून मोजलं जातं, त्यामुळे त्यांच्या कागदावर उशीर दिसतच नाही. आणि दार ते हब या प्रवासात पार्सल हरवलं, तर ते तुम्ही दिलंच नव्हतं असं उत्तर मिळतं. यावर उपाय म्हणजे मॅनिफेस्ट, त्या दिवशीच्या पार्सलांची छापील यादी. तिच्यावर संख्या, तारीख, वेळ आणि नेणाऱ्याची सही घ्यायची, मग त्याला कितीही घाई असो. सही देत नसेल तर गोणीत टाकतानाचा, लेबलं दिसतील असा छोटा व्हिडिओ तरी हवा.

म्हणून नोंदवहीत रोज फक्त तीन गोष्टी लिहा: माणूस आला का, किती वाजता नेलं, आणि ट्रॅकिंगवर पहिलं स्कॅन किती वाजताचं आहे. शेवटच्या दोन वेळांमधलं अंतर हा कंपनी पारखायचा माझ्या मते सगळ्यात प्रामाणिक आकडा आहे. ते रोज दोन-तीन तासांत असेल तर हब शिस्तीत चालतोय. कधी एक तास, कधी वीस तास असं असेल तर त्या हबला माणसं कमी आहेत, आणि सणासुदीत तो पहिला कोलमडणार.

वेळेचं महत्त्व ठाणेकरांना वेगळं सांगायला नको. हबमधून लांब पल्ल्याची गाडी रात्री ठरल्या वेळी सुटते. घोडबंदर रोडवर गायमुखपाशी कोंडी झाली, किंवा पावसात सायन-पनवेल रस्त्यावर पाणी साचलं, की पाच वाजता उचललेला माल त्या गाडीपर्यंत पोहोचत नाही आणि एक पूर्ण दिवस जातो. दुपारी एकच्या आत उचलणारी कंपनी या दृष्टीने चार-पाच रुपये महाग असली तरी घ्यावी. पिकअपची वेळ ठरते ती रायडरच्या फेरीत तुमचा पत्ता कितवा लागतो यावरून, त्यामुळे शेजारच्या इमारतीतल्या विक्रेत्याला तीच कंपनी कधी येते हे विचारलंत तर खरी माहिती मिळते.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. दहा-बारा गोधड्यांची पार्सलं बाइकवर मावत नाहीत. मग रायडर सहा नेतो आणि ‘बाकीची उद्या’ म्हणतो. बोलणी करताना पार्सलांची संख्या सांगून थांबू नका. मापं सांगा आणि छोटा टेम्पो किंवा व्हॅन येईल का ते विचारा. नाही म्हणाले तर संध्याकाळी स्वतः नेऊन द्यायला जवळची शाखा किती लांब आहे ते बघा. काही वेळा तेच बरं पडतं, कारण काउंटरवर तुमच्या समोर स्कॅन होतं.

परत येणारा माल: इथे खरा हिशोब फिरतो

परतीचे दोन प्रकार वेगळे ठेवा. ग्राहकाने घेतलंच नाही किंवा तो भेटला नाही म्हणून पार्सल परत येतं, ते आरटीओ. घेऊन, उघडून, नको म्हणून परत पाठवतो, ते रिव्हर्स पिकअप. दुसऱ्याचा दर बहुधा जाण्याच्या दरापेक्षा जास्त असतो, पण ते किती स्वीकारायचं हे तुमच्या धोरणावर आहे. आरटीओ तुमच्या हातात कमी आणि कुरिअरच्या हातात जास्त, म्हणून तुलना करायची ती त्याची.

सीओडीचं पार्सल परत का येतं याचं उत्तर ट्रॅकिंगवर मिळत नाही. तिथे ‘ग्राहकाने नाकारलं’ किंवा ‘ग्राहक उपलब्ध नाही’ असं लिहिलेलं असतं, आणि ते लिहिणारा डिलिव्हरीचा माणूसच असतो. साधारणपणे तीन प्रयत्न करायचे असतात. पहिला प्रयत्न फसला की तुमच्याकडे एनडीआर येतो, म्हणजे डिलिव्हरी झाली नाही अशी सूचना. त्या दिवशीच ग्राहकाला स्वतः फोन करा आणि एकच प्रश्न विचारा: ‘कुरिअरवाल्याचा फोन आला होता का?’ आला होता पण पैसे नव्हते, विचार बदलला, घरचे नको म्हणाले, ही कारणं ग्राहकाच्या खात्यात. फोनच आला नाही, किंवा ‘फाट्यावर येऊन घेऊन जा’ म्हणाला, ही कारणं कंपनीच्या खात्यात. कोकणातल्या आणि मराठवाड्यातल्या आडगावांना हे दुसरं फार होतं. पिनकोड सेवा-क्षेत्रात दिसतो, पण तालुक्याच्या गावापलीकडे माणूस जात नाही. अशा पत्त्यांना पोस्ट हाच पर्याय चांगला. पोस्टमन वाडीपर्यंत जातो.

कंपन्यांची तुलना करायची ती फक्त कंपनीच्या खात्यातल्या परतींची. नाहीतर एका महिन्यात अ कडे योगायोगाने चंचल गिऱ्हाइकं गेली आणि दोष तिच्या माथी आला, असं होतं. म्हणूनच चाचणी घेताना चांगल्या वाटणाऱ्या ऑर्डरी एका कंपनीला आणि उरलेल्या दुसरीला असं करू नका. प्रत्येक झोनमध्ये सीओडी एक आड एक वाटा: पहिली अ ला, दुसरी ब ला. महिन्याला 40 सीओडी म्हणजे प्रत्येकीला 20 मिळतील, तेव्हा निदान दोन महिने चालवल्याशिवाय निष्कर्ष काढू नका. वीसांतल्या एक-दोन परतींचा फरक म्हणजे काहीच नाही.

दोन महिन्यांनी समजा असं दिसलं: 40 सीओडीमागे अ कडून 10 परत आली, ब कडून 6. फोन करून कळलं की दोन्हींकडे नाकारणारी गिऱ्हाइकं पाच-पाचच होती. उरलेली पाच अ च्या निष्काळजीपणाची, ब ची एकच. आता सगळी 100 पार्सलं एकाच कंपनीला दिली असं धरून महिन्याचा हिशोब असा. परतीचं भाडं जाण्याइतकंच आणि सीओडीची फी पोहोचलेल्या पार्सलामागे 40 रुपये, असं दोन्हींकडे धरू.

अ कंपनी: जाण्याचं भाडं 9,058, दहा परतींचं सरासरी भाड्याने 906, तीस सीओडींची फी 1,200. बेरीज 11,164, जीएसटीसकट 13,174 रुपये.

ब कंपनी: जाण्याचं 9,040, सहा परतींचं 542, चौतीस सीओडींची फी 1,360. बेरीज 10,942, जीएसटीसकट 12,912 रुपये.

अ ने 90 पार्सलं पोहोचवली, ब ने 94. म्हणजे पोहोचलेल्या पार्सलामागे अ चा खर्च 146 रुपये आणि ब चा 137. यात परत आलेल्या मालाची अवस्था अजून धरलेली नाही. गोधडी परत आली की नवी बॅग, नवं लेबल, पुन्हा घडी, यात 25 रुपये गेले असं समजा. पाचातली एक मळलेली किंवा ओल लागलेली निघते आणि नवी म्हणून विकता येत नाही. तिची किंमत 450 धरली, तर अ चा आकडा 159 आणि ब चा 145 वर जातो. कार्डावर पार्सलामागे सुमारे पावणेसात रुपयांनी स्वस्त असलेली कंपनी प्रत्यक्षात चौदा रुपयांनी महाग पडली.

परतीचं पार्सल हातात घेताना

परत आलेलं पार्सल रायडरसमोर बघायचं. बॅग फाटलेली, टेप वेगळी, वजन कमी वाटत असेल तर सही करण्याआधी त्याच्या अॅपमध्ये किंवा कागदावर तसा शेरा लिहून घ्या. मग लेबलापासून सुरू करून एका सलग व्हिडिओत उघडा. मध्ये कापलेला व्हिडिओ चालत नाही. तक्रारीची मुदत बऱ्याच करारांत 24 ते 48 तासांची असते, त्यामुळे ‘रविवारी सगळं एकदम उघडू’ हे परवडत नाही. परत आल्याचा ओटीपी मागणाऱ्या कंपन्या बऱ्या, पण ओटीपी फोनवरून कधीच देऊ नका. तो दिला की कागदोपत्री माल तुम्हाला मिळाला, मग तो गोणीत असो की नसो.

परतीला किती दिवस लागतात हेही लिहून ठेवा. बंगळूरहून परत येणारी गोधडी तीन आठवडे फिरत राहिली तर तेवढा काळ तुमचे पैसे तिच्यात अडकलेले असतात आणि वेबसाइटवर तो नमुना संपलेला दिसतो. दहा-बारा नमुन्यांच्या छोट्या दुकानाला हे फार लागतं.

मग कोणाला काम द्यायचं

एकाच कंपनीला सगळं देऊ नका, आणि चार-पाच जणांतही वाटू नका. चार ठिकाणी वाटलंत तर प्रत्येकीला दिवसाला एखादंच पार्सल मिळतं, आणि एका पार्सलासाठी वळसा घेऊन कोण येणार? ताईंनी मुंबई, महाराष्ट्र आणि सगळी सीओडी ब ला द्यावी. आगाऊ पैसे भरलेल्या मेट्रोच्या ऑर्डरींसाठी अ ला राखीव ठेवावं, म्हणजे ब चा हब बसला तर दुसऱ्या दिवशी काम थांबणार नाही. आडगावांसाठी पोस्ट.

महिन्याला 100 पार्सलं असताना कंपनीशी थेट करार करण्यापेक्षा अॅग्रिगेटरमार्फत जाणं सहसा सोपं पडतं. पण तिथे ‘सगळ्यात स्वस्त कुरिअर आपोआप निवडा’ असं बटण असतं, ते आधी बंद करा. आपोआप निवडणारा नियम जाण्याचा दर बघतो, परतीचा खर्च बघत नाही. झोन आणि पैसे भरण्याची पद्धत यांवरून स्वतःचे नियम लावा.

वजनाचे वाद मात्र प्रत्येक कंपनीबरोबर होणारच. त्यासाठी प्रत्येक मापाच्या पॅकिंगचा एकेक फोटो काट्यावर ठेवून आणि मोजायची टेप लावून काढून ठेवा, लेबल दिसेल असा, आणि बिल आल्याबरोबर दीड किलोच्या वर लावलेली पार्सलं गाळून काढा. हरकत घ्यायची मुदत अनेक ठिकाणी जेमतेम आठवड्याची असते आणि ती उलटली की रक्कम वॉलेटमधून आपोआप वळती होते. एका महिन्यात एकाच कंपनीकडून असे वाद तिप्पट झाले तर तिने नवं मोजणी यंत्र बसवलंय किंवा तुमचं पॅकिंग फुगायला लागलंय. आधी आपल्या बॅगेची उंची मोजून बघा.

ही सगळी मोजणी दिवाळीच्या दोन महिने आधी एकदा पुन्हा करावी. गणपतीपासून हबवरचा भार वाढतो, आणि नवीन कंपनीचं खातं, केवायसी, पिकअप पत्त्याची पडताळणी यातच आठवडा जातो. श्रावणात ज्या कंपनीचं पहिलं स्कॅन तीन तासांत व्हायचं तिचं भाद्रपदात किती तासांत होतंय ते वहीत दिसेल, आणि दिवाळीची सीओडी कोणाकडे द्यायची हे त्यावरूनच ठरवता येईल.